आडवं झाल्यावर वाढतं, ते सुईचं नव्हे

"सिझर झालंय ना? मग कमरेत सुई दिली असणार. डोकं दुखणारच. पडून राहा, आठ दिवसांत जाईल."

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत बाळंतिणीच्या डोकेदुखीवर हे उत्तर इतकं सरावाचं झालं आहे की ते देताना बाईकडे मान वर करून बघायचीही गरज कोणाला वाटत नाही. मी फिजिशियन आहे, बाळंतपणं करत नाही. माझ्याकडे येतात त्या हे उत्तर घेऊन आठ-दहा दिवस घरी पडून राहिलेल्या बाया. त्यांपैकी काही झटका आल्यावरच येतात. मागे डॉक्टरांच्या एका बैठकीत मी यावर बोलले, तेव्हा माझ्याहून वडील असलेल्या एका सरांनी उभं राहून मला खोडून काढलं. त्यांचं म्हणणं असं : बाळंतिणीचं डोकं दुखणं रोजचंच आहे. बहुतेकींचं सुईचं असतं, नाहीतर जागरणाचं, नाहीतर पित्ताचं. शेकड्यात एखादीला काही निघालंच, तर तिच्यासाठी बाकीच्या सगळ्यांना घाबरवायचं का? आणि खेड्यातल्या माणसाला एमआरआयच्या खर्चात कशाला पाडायचं?

सरांबद्दल मला आदर आहे. मोसमात दिवसाला दीडशे रुग्ण बघणारा माणूस असं का बोलतो, हेही मला कळतं. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि ही चूक कोणाच्या तरी मेंदूला भोवते. म्हणून हा लेख.

आधी एक बाळंतीण बघा. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं गाव, मे महिना, दुसरं बाळंतपण, कमरेत भूल देऊन सिझर. पाचव्या दिवशी घरी आली. आठव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. सुरुवातीला मागून, मग सगळंच. सासूबाईंनी डोक्याला तेल चोळलं, कानाला फडकं घट्ट बांधलं. दहाव्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या उलटी झाली. मळमळ नाही, पोटात काही नाही, एकदम भडभडून आली आणि उलटीनंतर डोकं थोडं उतरलं. "पित्त हाये, उलटी झाली का मोकळं होते," असं घरात ठरलं. अकराव्या दिवशीही तेच, तसंच सकाळी. मग जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. सिझर म्हटल्यावर सुईचं डोकं असं निदान झालं, दुखण्याची गोळी मिळाली आणि उशी न घेता सपाट पडून राहायला सांगितलं.

तिने ते केलं नाही, कारण तिला ते जमतच नव्हतं. आडवी झाली की डोकं फुटेल असं वाटायचं. म्हणून सलग तीन रात्री ती बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसून राहिली. घरच्यांना वाटलं, बाळ सोडत नाही, पाजत बसली आहे. खोकला आला की दोन्ही हातांनी डोकं धरायची. बाळाला उचलायला वाकली की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि मग पुन्हा दिसायचं. ती हे सगळं मला सांगत होती तेव्हा तिच्याच शब्दांत म्हणाली, "झोपलं का जास्त दुखते जी, बसलं का हलकं वाटते. मी सांगतलं होतं, पण कोणी काही म्हटलं नाही." तेराव्या दिवशी उजवा हात आखडला, मग सगळं अंग, तोंडाला फेस. तेव्हा गाडी निघाली.

भिंतीला टेकून बसलेल्या त्या तीन रात्रींतच निदान होतं. सुईचं डोकं आणि या बाईचं डोकं ही एकाच दुखण्याची कमी-जास्त रूपं नव्हेत. दोघांची दिशाच उलटी आहे.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू पाण्यात तरंगत असतात. मोठ्या माणसात हे पाणी साधारण १५० मिलिलिटर असतं, पण दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास नवं तयार होतं आणि तितकंच रक्तात शोषलं जातं. सिझरच्या वेळी कमरेत सुई देतात, तेव्हा या पाण्याभोवतीच्या आवरणाला बारीक छिद्र पडतं. क्वचित ते लवकर बुजत नाही आणि पाणी झिरपत राहतं. पाणी कमी झालं की आधार कमी होतो. बाई उठून बसली की मेंदू खाली ओढला जातो, आवरणं ताणली जातात आणि डोकं दुखतं. आडवी झाली की काही मिनिटांत उतरतं. हे सुईचं डोकं. बहुतेक वेळा ते पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतं. बाई स्वतःच सांगते की बसवत नाही, पडून बरं वाटतं. इथे दाब कमी झालेला असतो.

दर्यापूरच्या बाईत दाब वाढलेला होता. डोक्याची कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि हे पाणी अशा तीनच गोष्टी मावतात. एक वाढली आणि दुसरीला हटायला जागा उरली नाही की दाब चढतो. मेंदूतलं वापरलेलं रक्त बाहेर नेणारी एक मोठी शीर कपाळापासून मागे जाते, बायका जिथे भांग पाडतात त्या रेषेच्या बरोबर खाली, हाडाच्या आत. मेंदूभोवतीचं पाणीही मुख्यतः याच शिरेत शोषलं जातं. बाळंतपणानंतर या शिरेत रक्त गोठलं की दोन्हींची वाट एकदम बंद होते. न्हाणीची मोरी तुंबली आणि वर नळ चालूच राहिला की काय होतं, तेच इथे होतं. आत येणारं रक्त थांबत नाही, पाणी तयार व्हायचं थांबत नाही आणि बाहेर जायला रस्ता नसतो.

आता तिची लक्षणं एकेक करून यावर लावून बघा. बसलेलं असताना डोक्यातलं रक्त स्वतःच्या वजनाने खाली छातीकडे उतरतं. आडवं झालं की ती मदत संपते, तुंबलेलं आणखी तुंबतं आणि दुखणं वाढतं. खोकलं, शिंकलं किंवा शौचाला जोर केला की छातीतला दाब मानेच्या शिरांतून वर चढतो, म्हणून डोकं हातात धरावं लागतं. रात्रभर आडवं राहून पहाटेपर्यंत दाब साचत जातो. शिवाय झोपेत श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि पेटीतली जागा आणखी कमी होते. म्हणून दुखण्याचा आणि उलटीचा जोर सकाळी असतो. वाकल्यावर येणारी क्षणभराची अंधारी ही डोळ्याच्या नसेवर पडलेल्या दाबाची खूण आहे. वाढत्या दाबात डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नसही कधीकधी ताणली जाते. मग लांबच्या एका वस्तूच्या दोन दिसतात.

पित्ताचं म्हणणं इथेच कोसळतं. उलटी झाली की डोकं उतरतं, एवढ्यावरून आपण पित्त ठरवतो. पण उलटीचं केंद्र मेंदूच्या तळाशी आहे आणि दाब वाढला की ते थेट चेतवलं जातं, पोटाचा त्यात काही दोष नसतो. उलटी करताना आणि नंतर माणूस जोरजोराने श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड उतरतो, फुललेल्या वाहिन्या आकसतात, शिवाय तो उठून बसलेला असतो. या सगळ्याने दाब थोडा वेळ कमी होतो. म्हणजे उलटीनंतर हलकं वाटणं दाब वाढल्यावरही घडतं. पित्ताची उलटी बहुधा मळमळीने, घशाशी येऊन होते, तिचा संबंध जेवणाशी आणि उपासाशी असतो. रोज पहाटे, मळमळ नसताना, आडव्या अंगाने दुखत उठल्यावर येणाऱ्या उलटीला पित्त म्हणायला काही आधार नाही. मायग्रेनमध्येही उलटी होते आणि नंतर बरं वाटतं, हे खरं आहे. पण अर्धशिशी असलेली बाई अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहायला बघते. ही बाई पडूच शकत नव्हती.

सर म्हणाले त्यातली एक गोष्ट मी मान्य करते. बाळंतिणीच्या बहुतेक डोकेदुख्या साध्याच असतात. जागरण, ताण, मानेचा अवघडलेपणा, जुनी अर्धशिशी आणि हो, सुईसुद्धा. पण यावरून ते जो निष्कर्ष काढतात, तो निघत नाही. बहुतेक साप बिनविषारी असतात, तरी शेतात चावल्यावर आपण खुणा बघतोच. इथे खुणा बघायला एमआरआय लागत नाही. लागतात ते चार-पाच प्रश्न, रक्तदाबाचं यंत्र आणि डोळ्यात बघायचं ऑप्थॅल्मोस्कोप.

झोपल्यावर वाढतं की बसल्यावर? खोकताना, शिंकताना वाढतं का? सकाळी जास्त असतं का, उलटी केव्हा होते? वाकल्यावर अंधारी येते का, दोन-दोन दिसतात का? दिवसेंदिवस वाढत चाललंय का? याला तीन मिनिटं लागतात. मग रक्तदाब. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब चढून झटके येऊ शकतात, म्हणून डोकं दुखणाऱ्या कोणत्याही बाळंतिणीचा रक्तदाब न मोजता तिला घरी पाठवणं चूकच. १४०/९० किंवा त्याहून वर निघाला की ती वेगळी आणि तितकीच घाईची वाट आहे. या बाईचा १२४/८० होता. नंतर डोळ्याचा पडदा. दाब वाढल्यावर डोळ्याच्या नसेचं टोक सुजतं, त्याच्या कडा पुसट होतात. तिच्या दोन्ही डोळ्यांत ती सूज होती, झटक्याच्या आधीही असणारच. ऑप्थॅल्मोस्कोप नसेल तर तालुक्याच्या गावात डोळ्यांचे डॉक्टर असतात, त्यांना पाच मिनिटांत दिसेल. एक मात्र लक्षात ठेवावं : दुखणं नवं असेल तर ही सूज अजून यायची असू शकते. सूज दिसली तर संशय पक्का होतो. नाही दिसली म्हणून तो संपत नाही.

या उत्तरांवर जिचा संशय येईल तिचाच एमआरआय. सगळ्या बाळंतिणींचा एमआरआय काढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तसं म्हणणं माझ्या तोंडी घालून ते खोडणं सोपं आहे.

आणि एमआरआयच काढायचा, नुसता सीटी स्कॅन नव्हे, हेही सांगायला हवं, कारण इथे दुसरा सापळा आहे. या बाईचा साधा सीटी आमच्याकडे येतानाच वाटेत काढला होता. "नॉर्मल" असा अहवाल होता आणि नवऱ्याने तो मोठ्या आशेने माझ्या हातात दिला. डाय न देता काढलेल्या सीटीत गोठलेली शीर पांढरी दिसू शकते, पण ही खूण थोड्याच रुग्णांत नीट दिसते आणि पुष्कळ वेळा सीटी अगदी साधा येतो. त्यातून रक्तस्राव नाही, मोठी गाठ नाही एवढं कळतं. शीर उघडी आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी एमआरआयसोबत शिरांचा नकाशा, म्हणजे व्हेनोग्राम, काढावा लागतो, आणि चिठ्ठीवर तो शब्द लिहावा लागतो. लिहिला नाही तर नुसता मेंदूचा एमआरआय काढला जातो आणि पुन्हा "नॉर्मल" हातात येऊ शकतं. डाय देऊन काढलेला सीटी व्हेनोग्रामही चालतो. रक्ताची डी-डायमर तपासणी मात्र बाळंतिणीत विश्वासाची नाही, कारण बाळंतपणाने ती तशीही वाढलेली असते. आणि दाब वाढल्याची शंका असताना चित्र न बघता कमरेतून पाणी काढू नये.

तिच्या व्हेनोग्राममध्ये भांगाखालची मोठी शीर आणि उजव्या बाजूची आडवी शीर, दोन्ही बंद होत्या. मेंदूच्या डाव्या भागाला सूज होती आणि तिथे थोडा रक्तस्रावही झाला होता. उजवा हात का आखडला ते त्यातून कळलं.

इथून पुढचा युक्तिवाद मी नातेवाइकांकडून ऐकते, आणि दुःख याचं की कधीकधी डॉक्टरांकडूनही : पंधरा दिवसांची बाळंतीण, तिला रक्त पातळ करायचं इंजेक्शन? तेही मेंदूत रक्त उतरलेलं असताना? भीती साहजिक आहे. पण हा रक्तस्राव शीर तुंबल्यामुळे मागे साचलेल्या दाबाने झालेला असतो. तुंबलेली वाट मोकळी होऊ दिली नाही तर तो वाढतो. हे अंदाजाने ठरलेलं नाही. १९९१ मध्ये म्युनिकमधल्या आइनहॉयप्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे वीस रुग्ण घेऊन दहांना हेपॅरिन दिलं, दहांना नाही. हेपॅरिनवाल्या दहांपैकी आठ पूर्ण बरे झाले आणि एकही दगावला नाही. न दिलेल्यांत तिघे गेले आणि पूर्ण बरा एकच झाला. मेंदूत रक्त उतरलेले रुग्णही त्यांत होते. प्रयोग लहान होता, पण पुढच्या काळात जगभर हाच उपचार रूढ झाला. २००४ साली एकवीस देशांतल्या ६२४ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध झाला, त्यात जवळजवळ ऐंशी टक्के माणसं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरी झाली होती. त्याच पाहणीत दहापैकी जवळजवळ नऊ जणांना डोकेदुखी होती. म्हणजे रोग सांगून येतो, आणि वेळेवर ओळखला तर पुष्कळदा बराही होतो. ओळखायला उशीर लावायचं कारण त्याच्याकडे नाही, आपल्याकडे आहे.

तिचं वजन ५८ किलो होतं. एनॉक्सापॅरिन ६० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. झटक्यांचं औषध. डोक्याकडची बाजू तीस अंशांनी उचललेला पलंग. ती पहिल्यांदा नीट झोपली ती त्या उंच पलंगावर. चौथ्या दिवशी दुखणं निम्म्यावर आलं. पुढे वॉरफरिनची गोळी, दर काही दिवसांनी आयएनआर तपासून तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवत, सहा महिने. बाळ अंगावरच पीत राहिलं, वॉरफरिन चालू असताना पाजता येतं. सासूबाईंना सगळ्यात जास्त काळजी त्याचीच होती. पुन्हा कधीही इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे मी तिला लिहून दिलं. उजव्या हाताची बोटं मात्र कित्येक महिने पूर्वीसारखी चालली नाहीत. बाळाच्या झबल्याचे बंद तिला डाव्या हाताने बांधावे लागत. आठव्या दिवशी एक प्रश्न विचारला असता, तर तिला झटक्यापर्यंत जायची वेळ बहुधा आली नसती.

आता पाण्याविषयी. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देतात. उकळलेलं, कोमट, मोजून दोन-चार वाट्या. जास्त दिलं तर पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असं मानतात. बाजेखाली शेगडी, दारं-खिडक्या बंद, ओव्याची धुरी आणि बाहेर मे महिना. अकोल्यात पारा ४७ च्या वर गेलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मचूळ, पिण्याचं पाणी विकतच्या कॅनचं, तेही मोजून. त्यात बाळंतीण घामाने आणि दुधाने पाणी गमावत असते. पण इथे मला माझ्याच बाजूच्या काही लोकांनाही विरोध करायचा आहे, जे म्हणतात की हे सगळं सासूच्या अडाणीपणाने होतं. रक्त गोठण्याचं मूळ कारण बाळंतपण स्वतः आहे. प्रसूतीत रक्त वाहून बाई मरू नये म्हणून शरीर रक्त गोठायची ताकद वाढवून ठेवतं, आणि ती पुढे सहा आठवडे तरी टिकते. स्कॉटलंडच्या जॉन ॲबरक्रॉम्बी यांनी १८२८ साली अशाच एका बाळंतिणीची नोंद करून ठेवली आहे. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी वाढती डोकेदुखी, झटके, मृत्यू आणि शवविच्छेदनात तीच भांगाखालची शीर गोठलेली. तिथे ना बाज होती ना शेगडी. पाण्याची कमतरता, रक्तक्षय, ताप, सिझरची जखम हे त्यावर पडणारं ओझं आहे. पाण्याच्या कमतरतेचा वाटा नेमका किती, हे मोजून सिद्ध झालेलं नाही. पण ते ओझं उतरवणं आपल्या हातात आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. म्हणून बाळंतिणीला तहान लागेल तितकं पाणी द्यावं, पाजल्यावर प्रत्येक वेळी भांडंभर द्यावं, हे मी प्रत्येक सासूबाईंना हात जोडून सांगते. त्यांना दोष देत नाही.

भारतात हा आजार दुर्मीळ म्हणून सोडून द्यायचीही सोय नाही. मदुराईच्या डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये गरोदरपण आणि बाळंतपणातल्या अशा मेंदूच्या शिरा-धमन्या गोठलेल्या १३५ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाळीस वर्षांपूर्वी, एमआरआय सर्वत्र नसताना, एका शहरातल्या डॉक्टरांना इतक्या बाया सापडल्या, कारण ते शोधत होते. आमच्याकडे त्या सापडत नाहीत याचा अर्थ त्या नाहीत, असा सरांनी काढू नये.

जाता जाता एक. हीच डोकेदुखी बाळंतीण नसलेल्या बाईतही दिसते, आणि त्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या हे एक कारण असू शकतं. महालक्ष्म्यांच्या आधी आपल्या वऱ्हाडात या गोळ्या चिठ्ठीशिवाय दुकानातून किती जातात ते औषधवाल्यांना विचारा. गोळ्या चालू असताना किंवा नुकत्या संपल्यावर आडवं होताना वाढणारं डोकं आणि सकाळची उलटी आली, तर तेच पाच प्रश्न विचारायचे.

सुईच्या डोक्याबद्दल एक सावधगिरी सांगून मी माझी बाजू पूर्ण करते. ज्या बाईला खरोखर सुईचं डोकं होतं, उठल्यावर दुखायचं आणि पडल्यावर थांबायचं, तिचंच दुखणं काही दिवसांनी बदलून पडल्यावरही राहू लागलं किंवा वाढू लागलं, तर तो सुईच्या डोक्याचा उशीर समजू नये. पाणी झिरपून दाब उतरल्याने शिरा फुगतात, रक्त मंदावतं आणि तिथे गोठू शकतं. म्हणजे एकातून दुसरं उद्भवू शकतं. दुखण्याची दिशा बदलली, एवढंच ओळखायचं. आणि उलट बाजूनेही : शीर गोठलेल्या प्रत्येकीचं डोकं आडवं झाल्यावरच वाढतं असं नाही. काहींचं चोवीस तास सारखं दुखतं, काहींचं एकदम वीज पडावी तसं सुरू होतं. आडवं होण्याचा प्रश्न सुईला वगळायला सगळ्यात उपयोगी आहे. नाही असं उत्तर आलं म्हणून बाकीचे प्रश्न सोडायचे नाहीत.

हे प्रश्न विचारायला माणूस दारात जातोच आहे. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे देशभर आशाताई घरी जाऊ लागल्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. शीर गोठण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे यातल्या चार भेटी नेमक्या त्या काळात पडतात. आशाताईंच्या फॉर्मवर आईचा ताप आहे, रक्तस्राव आहे, ती असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का, हाही प्रश्न आहे. डोकं दुखतं का, हा नाही. दर्यापूरच्या बाईच्या बाबतीत झटक्याच्या प्रश्नाला "हो" म्हणायला तेरावा दिवस उजाडावा लागला. डोक्याच्या प्रश्नाला ती आठव्या दिवशीच "हो" म्हणाली असती.

म्हणून अकोला आणि अमरावतीच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. नवा फॉर्म छापून येण्याची वाट न बघता आशाताईंच्या पुढच्या मासिक बैठकीत एक ओळ तोंडी सांगा, वहीत लिहून घ्यायला लावा : "डोकं दुखते का? झोपलं का वाढते, का बसलं का वाढते?" झोपल्यावर वाढतं असं उत्तर आलं, किंवा सोबत सकाळची उलटी, अंधारी, दोन-दोन दिसणं असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून तिला एमआरआय असलेल्या ठिकाणी पाठवायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन. आणि वाटेत तिला सपाट झोपवायचं नाही, डोकं उंच ठेवायचं.